एक कॅट, तीन डाव: पावसाळी शनिवार-रविवारसाठी

दर पावसाळ्यात या सदरात घरबसल्या खेळायचे तीन खेळ सुचवतो आणि दर वर्षी वाचकांच्या पत्रांत तेच भांडण वाचायला मिळतं. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून मेंढीकोट मांडला, तिसऱ्या हाताला भाचा रडत उठून गेला.’ ‘पाच-तीन-दोनमध्ये पानं ओढायची कधी, यावर अर्धा तास वाद झाला.’ खेळ तिन्ही ओळखीचेच: बदाम सात, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट. घोटाळा होतो तो दोन कारणांनी. एकतर खेळ चुकीच्या क्रमाने खेळले जातात आणि दुसरं म्हणजे नियम पानं वाटून झाल्यावर ठरवले जातात. म्हणून या वेळी नुसती नावं न देता सगळं पायरीपायरीने लिहितो आहे.

क्रम असा ठेवा: शनिवारी दुपारी बदाम सात, संध्याकाळी पाच-तीन-दोन, रविवारी मेंढीकोट. बदाम सातमध्ये मुलांना पानं हातात धरायची, रंग लावायची आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय होते. पाच-तीन-दोनमध्ये ‘आला रंग टाकायचाच’ आणि ‘हुकूम’ या दोन गोष्टी अंगवळणी पडतात. या दोन्ही आल्या की मेंढीकोटात भिडूचा विचार तेवढा नव्याने शिकायचा उरतो. थेट मेंढीकोटाला बसवलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हे सगळं एकाच वेळी शिकावं लागतं, वर भिडू झालेल्या काकांची बोलणीही खावी लागतात.

पायरी 1: कॅट तपासा

खेळायला बसण्याआधी, चहा ठेवतानाच हे काम उरका. चारही रंग वेगळे करा: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. प्रत्येक रंग एक्क्यापासून राजापर्यंत ओळीत लावा. तेरा-तेरा पानांच्या चार ओळी झाल्या पाहिजेत. नुसती बावन्न पानं मोजून भागत नाही. दोन जुने कॅट एकत्र झालेल्या घरात बावन्न भरतात, पण त्यात किलवरची राणी दोनदा असते आणि चौकटची पंजी नसतेच.

एखादं पान हरवलं असेल तर जोकर घ्या आणि त्यावर पेनाने हरवलेल्या पानाचं नाव लिहा. जोकरची पाठ बाकीच्या पानांसारखीच असल्याने तो वेगळा ओळखू येत नाही. दुसऱ्या कॅटमधलं पान मात्र घेऊ नका. पाठीचा रंग थोडा जरी वेगळा असला तरी ते पान कोणाकडे आहे, हे दुसऱ्या डावापासून सगळ्यांना कळतं.

पावसाळ्यात कागदी पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाटताना दोन-दोन जातात. पानं कोरड्या फडक्याने पुसा, टाल्कम पावडरची अगदी चिमूट हातावर घेऊन पानांच्या पाठीवरून फिरवा आणि जास्तीची झटकून टाका. बाजारात प्लास्टिकचा कॅट मिळतो, पावसाळ्यापुरता तो बरा.

आणखी एक गोष्ट, भजी. तेलकट अंगठा एकदा एक्क्याच्या पाठीवर उमटला की तो एक्का जन्मभर ओळखू येतो. दोन डावांच्या मध्ये खा, हात धुवा, मग बसा.

बसायला जमिनीवर सतरंजी किंवा चादर घाला. या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांसाठी पंखा चालूच असतो. त्याच्या थेट खाली बसू नका, बदाम सातची मांडणी उडून जाते.

पायरी 2: नियम कागदावर लिहा

तिन्ही खेळांचे नियम गावागणिक आणि घरागणिक बदलतात. आजोळचा मेंढीकोट वेगळा, सासरचा वेगळा. कोणता बरोबर, हा वाद निष्फळ आहे. पहिलं पान वाटण्याआधी एका कागदावर ‘आज आपल्याकडे असं’ एवढं लिहून ठेवा. कोणती दिशा, चूक सापडली तर दंड काय, बंद हुकूम की कट हुकूम, एवढं ठरलं तरी पुरतं. डाव सुरू झाल्यावर नियम बदलायचा नाही, बदलायचाच असेल तर पुढच्या डावापासून.

या लेखात मी दिशा उजवीकडची धरली आहे: वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला बसलेला पहिला. तुमच्याकडे डावीकडून असेल तर तसं वाचा.

> तपासा: पानं पिसून झाल्यावर वाटणाऱ्याने कॅट शेजाऱ्यापुढे कापायला धरला का? घाईत हे नेहमी राहून जातं आणि मग चांगली पानं आलेल्याकडे संशयाने बघितलं जातं.

पायरी 3: बदाम सात (पाच ते सात जण)

1. सगळी बावन्न पानं वाटून टाका. पाच जणांत दोघांना अकरा आणि तिघांना दहा पानं येतात, सहा जणांत चौघांना नऊ आणि दोघांना आठ. हा फरक राहू द्या. दर डावाला वाटणारा बदलला की तो आपोआप फिरतो.

2. ज्याच्याकडे बदाम सत्ती असेल त्याने ती मधोमध ठेवायची. मग उजवीकडून एकेकाची पाळी.

3. आपल्या पाळीला एकच पान लावायचं: कोणत्याही रंगाची सत्ती, किंवा खाली लागलेल्या ओळीला जोडून येणारं पान. सत्तीच्या वर अठ्ठी, नव्वी, दश्शी असं राजापर्यंत आणि खाली छक्की, पंजी असं एक्क्यापर्यंत. इथे एक्का सगळ्यात लहान. मेंढीकोट खेळलेली माणसं राजावर एक्का ठेवायला जातात, त्यांना आधीच सांगा.

4. लावता येणारं पान नसेल तरच ‘पास’.

मांडणीत होणारी चूक म्हणजे सगळी पानं सत्तीवर ढीग करून ठेवणं. मग इस्पिकची कुठवर गेली, हे दर पाळीला विचारावं लागतं. चार सत्त्या एकाखाली एक ठेवा, मोठी पानं एका बाजूला आणि छोटी दुसऱ्या बाजूला, प्रत्येकाचा कोपरा दिसेल अशी.

आता मुख्य गोष्ट. बदाम सात हा नशिबाचा खेळ आहे असं समजून मुलं जे पान लागेल ते लावत सुटतात. खेळ असतो तो दोन पानं लागत असताना कोणतं लावायचं यात. समजा, तुमच्या हातात इस्पिक सत्ती, बदाम अठ्ठी आणि बदाम राजा आहे आणि इस्पिकचं दुसरं एकही पान नाही. सत्तीही लागते, अठ्ठीही लागते. इथे अठ्ठी लावायची. तुमचा राजा सुटायला नव्वी, दश्शी, गुलाम, राणी ही सगळी बाहेर यायला हवीत आणि ती रांग तुमच्या अठ्ठीपाशी अडली आहे. इस्पिक सत्ती धरून ठेवलीत तर तुमचं काही अडत नाही, पण ज्यांच्या हातात इस्पिकचा एक्का-दुर्री किंवा राजा-राणी आहे ते सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

ही अडवणूक नियमात बसते. नियमात बसत नाही ते म्हणजे लावण्यासारखं पान हातात असताना ‘पास’ म्हणणं. या दोन्हींत मुलांची गल्लत होते. लागणारी दोन पानं असतील तर एक अडवून दुसरं लावा. एकच असेल तर ते लावावंच लागतं, मग ते कितीही जिवावर येवो.

> सावध: खोटा पास डाव संपल्यावर हमखास उघडा पडतो, कारण उरलेली पानं सगळ्यांपुढे मांडायची असतात. आमच्या कागदावर त्याला 10 गुण दंड आहे.

एकाचा हात रिकामा झाला की डाव संपला. बाकीच्यांनी हातातल्या पानांचे गुण मोजायचे: एक्का 1, दुर्री 2, असं करत गुलाम 11, राणी 12, राजा 13. पाच डावांनंतर ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. गुण लिहायचं काम मुलांकडे द्या, बेरीज फार बारकाईने तपासली जाते.

पायरी 4: पाच-तीन-दोन (बरोबर तिघं)

संध्याकाळी निम्मे लोक टीव्हीपुढे किंवा झोपायला जातात आणि तिघं उरतात. हा खेळ त्यांचा.

1. तीस पानं वेगळी काढा. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची मिळून अठ्ठावीस, शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. चौकट आणि किलवरच्या सत्त्या बाहेर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि चूक कळते ती शेवटच्या हाताला, कोणाकडे तरी पान कमी पडल्यावर. उरलेली बावीस पानं रबर लावून बाजूला ठेवा. या खेळात एक्का सगळ्यात मोठा.

2. वाटणाऱ्याने दोन हात करायचे. त्याच्या उजवीकडच्याने हुकूम बोलायचा आणि पाच हात करायचे. तिसऱ्याने तीन.

3. आधी प्रत्येकी पाच पानं वाटा आणि थांबा. पाच हात करणाऱ्याने तेवढीच पानं बघून हुकूम बोलायचा. मग उरलेली पाच-पाच वाटायची. हे थांबणं विसरलं आणि दहा पानं बघून हुकूम बोलला गेला तर डाव फुकट, परत पिसा.

4. उतारी हुकूम बोलणाऱ्याची. जो रंग उतरला तो हातात असेल तर टाकायलाच हवा. नसेल तर हुकमाने कापा किंवा दुसरं पान टाका. हात जिंकेल त्याची पुढची उतारी.

हुकूम निवडताना नवखा माणूस एकट्या एक्क्याला भुलतो. समजा, पहिली पाच पानं अशी आली: बदाम एक्का, चौकट राणी, इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी. हुकूम इस्पिक बोला. बदाम एक्का हुकूम नसला तरी पहिल्या फेरीत बहुधा हात मिळवून देतोच. इस्पिकच्या नव्वी-अठ्ठीला मात्र हुकूम झाल्याशिवाय कोणी विचारत नाही. लक्षात ठेवा, या कॅटमध्ये इस्पिक आणि बदामची आठ-आठ पानं आहेत, चौकट-किलवरची सात-सात. बाहेर किती हुकूम उरले ते मोजताना हा एकचा फरक नडतो.

*ओढाओढी*

आता ते, ज्यावरून अर्धा तास जातो. ठरल्यापेक्षा जास्त हात करणारा पुढच्या डावात कमी हात करणाऱ्याकडून तेवढी पानं ओढतो.

आमच्या घरचा एक डाव घ्या. आजीने पानं वाटली, तिचे दोन. ताईचे पाच, बंटीचे तीन. डाव संपला तेव्हा आजीचा एक हात झाला, ताईचे चार आणि बंटीचे पाच. बेरीज दहा आली, म्हणजे मोजणी बरोबर. आजीवर एक चढला, ताईवर एक चढला आणि बंटीला दोन ओढायचे आहेत. चढलेले आणि ओढायचे यांचा आकडा नेहमी सारखा येतो. आला नाही तर कोणीतरी हात चुकीचा मोजलाय.

पुढचा डाव ताई वाटते, म्हणून तिचे दोन. बंटीचे पाच आणि आजीचे तीन. पाच पानं वाटून झाली, बंटीने हुकूम बोलला, उरलेली पानंही वाटून झाली. ओढायची वेळ आत्ता येते, त्याआधी नाही आणि पहिली उतारी झाल्यावर तर नाहीच. बंटी आजीच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचं नको असलेलं एक पान तिला देतो. मग तसंच ताईशी. एक ओढा, एक द्या, मग दुसरं ओढा. दोन्ही एकदम ओढली की कोणाकडे नऊ पानं आणि कोणाकडे अकरा, असा गोंधळ होतो.

> सावध: ज्याच्याकडून ओढलं जाणार त्याने आपली पानं उलटसुलट करून मगच पंखा धरावा. रंगवार लावलेल्या हातात हुकूम एका टोकाला असतात आणि समोरच्याने ते लावताना पाहिलेलं असतं. आमची आजी मुद्दाम दुर्लक्ष केल्यासारखं करते आणि नेमका एक्का ओढते.

तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच, तीन आणि दोन येऊन जातात, म्हणजे प्रत्येकाने एकूण दहा हात करायचे असतात. म्हणून थांबायचं ते तीन, सहा किंवा नऊ डावांनी. चौथ्या डावावर ‘जेवायला चला’ आलं तर तो धरू नका.

पायरी 5: मेंढीकोट (चौघं, दोन जोड्या)

समोरासमोर बसलेले भिडू. पूर्ण कॅट, प्रत्येकी तेरा पानं: आधी पाच, मग चार, मग चार. मेंढी म्हणजे दश्शी. चारपैकी तीन किंवा चार दश्श्या ज्या जोडीने जिंकलेल्या हातांत येतील ती जोडी जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा अधिक हात ते जिंकले. हात तेराच असल्याने बरोबरी होत नाही. चारही दश्श्या एकीकडे गेल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात गेले तर बावन्न पानी कोट, ज्याची आठवण पुढच्या दिवाळीपर्यंत काढली जाते. सहा जण असतील तर चार दुर्र्या काढून टाका, आठ-आठ पानं आणि तिघांच्या दोन जोड्या.

हुकमाच्या दोन पद्धती. कट हुकमात खेळ हुकमाशिवाय सुरू होतो. उतरलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. शिकाऊ मंडळी असतील तर हीच पद्धत घ्या, यात चुकायला जागा कमी. बंद हुकूम जास्त रंगतो, पण त्यात पायऱ्या चुकतात. त्या अशा:

1. वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याने आपल्या हातातलं एक पान पालथं समोर ठेवायचं. तो झाला बंद हुकूम. मग त्यानेच उतारी करायची.

2. पालथं पान त्याचंच, पण हुकूम उघडेपर्यंत ते खेळता येत नाही. तोवर त्याच्या हातात एक पान कमी दिसणार.

3. उतरलेला रंग एखाद्याकडे पहिल्यांदा संपला की त्याने म्हणायचं, ‘हुकूम उघडा.’ मगच पान उलटायचं. आधी पान टाकून मग हुकूम विचारायचा नाही. हा क्रम उलटा झाला की अर्ध्या मेंढीकोटांत भांडण होतं.

4. उघडायला लावणाऱ्याकडे हुकूम असेल तर त्याने तो टाकलाच पाहिजे का? हे घराघरांत वेगळं आहे, पायरी 2 च्या कागदावर लिहा. आमच्याकडे टाकलाच पाहिजे.

5. पान उघडलं की मालकाने ते लगेच हातात घ्यायचं.

> तपासा: हुकूम उघडल्यानंतरच्या हाताला चौघांकडे सारखीच पानं आहेत का? ते पालथं पान सतरंजीवरच राहून जातं आणि शेवटच्या हाताला ‘माझ्याकडे पानच नाही’ होतं.

*दश्शी कधी सोडायची*

दश्शीवर तिच्याच रंगातली चार पानं चढतात: गुलाम, राणी, राजा, एक्का. म्हणून नवखे लोक दश्शी जपून ठेवतात. गंमत अशी, की ती जपल्यामुळेच जाते. समजा, भिडूने बदाम एक्का उतरला, तुमच्याकडे बदाम दश्शी आणि बदाम तिर्री आहे. तिर्री टाकून दश्शी पुढच्या वेळेसाठी ठेवावीशी वाटते. ठेवू नका. रंगाच्या पहिल्या फेरीत तेरा पानं चौघांत वाटलेली असतात, प्रत्येकाकडे एखादं तरी बदाम बहुधा असतंच, म्हणून एक्का कापला जाण्याची भीती कमी. दुसऱ्या फेरीपर्यंत कोणाचं तरी बदाम संपतं, हुकूम पडतो आणि दश्शी समोर जाते. भिडूचा एक्का दिसला, की दश्शी त्याच वेळी द्या.

याच्या उलट, भिडूने राजा उतरला आणि तुमच्यामागे अजून एक विरोधक खेळायचा आहे, तेव्हा त्या राजावर दश्शी देऊ नका. एक्का त्या शेवटच्याकडे असला तर हात गेला आणि मेंढीही गेली. तुम्ही स्वतः शेवटचे असाल आणि हात भिडूचा होत असेल, तर मात्र बिनधास्त द्या.

भिडूला खुणा करायच्या नाहीत. खोकला, कानाची पाळी, ‘आज इस्पिकच्या आकाराचं ढग आलंय’, हे सगळं सगळ्यांना ओळखू येतं.

रंग असून दुसरं पान टाकलं, हे पुढच्या हाताची उतारी होण्याआधी लक्षात आलं तर पान परत घेऊ द्या. नंतर सापडलं तर तो डाव समोरच्या जोडीचा. आणि हरलेल्या जोडीने पुढचा डाव वाटायचा. वाटणाऱ्याचीच जोडी हरली तर तोच पुन्हा वाटतो, जिंकली तर वाटप उजवीकडे सरकतं.

पायरी 6: कॅट उचलताना

रविवारी रात्री झोपेच्या घाईत पानं गोळा करून डब्यात कोंबली जातात आणि सतरंजीच्या घडीत एक राहतं. पुन्हा तेरा-तेराच्या चार ओळी लावा, ती बाजूला ठेवलेली बावीस पानं धरून. सतरंजी झटका, कॅट कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. नियमांचा कागदही त्याच डब्यात टाका, पुढच्या पावसाळी रविवारी ‘मागच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्याला तो दाखवायला लागेल.